मल्लप्पाचा तिरका दिवा

मल्लप्पा वायरमन कुठल्याही खोलीत शिरला की आधी वर बघायचा. घरात माणसं आहेत, कुणी नमस्कार करतंय, कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतंय, आणि हा आपला आढ्याकडे तोंड करून उभा. एकदा एका लग्नात नवरा-नवरीवर अक्षता टाकायच्या सोडून हा मांडवातल्या बत्तीकडे बघत राहिला आणि सगळ्या अक्षता पुढच्या म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडल्या. मी त्याला चिडवायचो, "मल्लप्पा, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी तिथली वायर बघशील." तो हसायचा नाही. "बघायलाच पायजे की," म्हणायचा.

तो मूळचा अक्कलकोटच्या बाजूचा, त्यामुळे घरी कानडी, बाहेर मराठी. सोलापुरात आमच्या गिरणीत आला तो वायरमन म्हणून नव्हे. पहिली अकरा वर्षं तो घडी खात्यात कापड तपासायला होता. ते काम असं : लांबलचक टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यातला तुटलेला धागा, पडलेली गाठ, विरळ जागा हुडकून खडूची खूण करायची. पुढे डोळे शिणले आणि विजेच्या कामाचा नाद होताच, म्हणून तो वायरमन झाला. पण तपासनिसाची नजर काही गेली नाही.

मी गंगाधर. त्याच गिरणीच्या कामगार-कल्याण कचेरीतला कारकून. कचेरी म्हणजे बारा फूट बाय नऊ फुटांची एक खोली, जाड दगडी भिंतींची, वर ठेंगणा कडीपाट. त्यात माझं टेबल, काचेच्या दारांचं एक कपाट, एक खिडकी आणि एक पंखा. आणि मी, ज्याला रागावायला एवढीशी जागाही पुरायची.

सन अडतीसच्या चैत्रात मालकांच्या मुंबईच्या कचेरीतून हुकूम आला. वार्षिक सभेत दाखवायला गिरणीचा बोलपट काढायचा होता. पुण्याहून मुकुंद नावाचा कॅमेरावाला आणि आवाज मुद्रित करणारा त्याचा एक जोडीदार येणार होते. यंत्रांची चित्रं घ्यायची, आणि शेवटी एका जुन्या कामगाराची मुलाखत. मुलाखतीतले प्रश्न मी विचारायचे. कुणाला बसवायचं ते ठरवणंही माझ्याकडेच आलं, आणि मी वाइंडिंग खात्यातल्या सोनाबाईचं नाव लिहून पाठवलं.

त्याला कारण होतं. सव्वीस वर्षं ती बाई सूत गुंडाळत होती. खात्यात दीडशे बायका, त्यातल्या पंचवीस-तीस लेकुरवाळ्या. पोरांना ठेवायला जागा नाही म्हणून त्या त्यांना अफूची गोळी चाटवायच्या आणि टोपलीत घालून यंत्राखाली झोपवायच्या. सोनाबाईनेही तेच केलं होतं. तिचा तिसरा मुलगा सात महिन्यांचा असताना असाच झोपला आणि दुपारच्या सुट्टीत तिनं पदर सारून पाजायला घेतला तर तो गार लागला. कधी गेला ते कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हापासून ती पाळणाघर मागत होती. सहा वर्षांत मी स्वतः तिचे चार अर्ज इंग्रजीत लिहून मुंबईला धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही. आता मालक स्वतः सभेत बसून तिला बोलताना बघणार होते, ऐकणार होते. अर्ज फायलीत बंद करता येतो, बोलणाऱ्या बाईला बंद करता येत नाही, असा माझा हिशेब होता.

सोनाबाई लगेच कबूल झाली नाही. तिच्या तोंडावर नऊ वर्षांची असताना आलेल्या देवीचे व्रण होते. गाल, कपाळ, हनुवटी, एक बोटभर जागा मोकळी नव्हती. चारचौघांत ती पदर गालावर ओढूनच बोलायची. तिचा नवरा जिवंत होता तोवर त्यानं तिला गड्ड्याच्या जत्रेला एकदाही बरोबर नेलं नाही. हे मला मल्लप्पानं सांगितलं. तो तिच्याच चाळीत राहायचा. सोलापुरात नवा आला तेव्हा त्याला विषमज्वर झाला आणि सोनाबाईनं एकवीस दिवस त्याला पेज पाजली होती. तो तिला अक्का म्हणायचा. तिनं होकार दिला तो त्यानं समजावल्यावर, आणि एका अटीवर.

"दिवं मल्लू लावंल," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या फुडं मी तोंड काढनार न्हाय."

गिरणीला रविवारची सुट्टी. यंत्रं बंद असल्याशिवाय आवाज घेता येणार नव्हता, म्हणून मुलाखत रविवारी सकाळी ठरली. पुणेकर मंडळी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत जाणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या सकाळी.

मुकुंद सात वाजताच आला. पंचविशीतला हसरा, उतावळा माणूस. खोली बघून त्याचं हसू जरा कमी झालं. "ही खोली की कोनाडा?" तो म्हणाला. मला राग आला, पण खरंच तो कोनाडा होता.

त्यानं तीन दिवे आणले होते, पाचशे-पाचशे वॉटचे. त्याची स्टुडिओतली रीत त्यानं समजावली : एक मुख्य दिवा चेहऱ्यावर, दुसरा त्या दिव्यानं पडलेली सावली मऊ करायला, तिसरा मागून, म्हणजे माणूस मागच्या भिंतीला चिकटल्यासारखा दिसत नाही. एवढं सांगून त्यानं तिन्ही दिवे एकदम लावले आणि फट्कन अंधार झाला.

मल्लप्पा व्हरांड्यातून आत आला. त्याच्या हातात उडालेल्या फ्यूजची तार होती.

"पाच अँपिअरचा फ्यूज हाय," तो म्हणाला. "तीन दिवं म्हंजे सातच्या जवळ जातंय. दोन चालतील. पंखा बंद ठेवायचा."

"मग जाड तार घाला की," मुकुंद म्हणाला.

"तार घालीन. पन भिंतीतली वायर जुनी हाय, ती तापंल. लाकडाच्या पट्टीतनं गेलीया. पट्टी पेटली तर तुमचा बोलपट लई चांगला निघंल."

मुकुंद हसला आणि तिसरा दिवा पेटीत परत ठेवला. मला मल्लप्पाचा अभिमान वाटला. आमचा माणूस पुण्याच्या माणसासमोर असा सरळ बोलला की आतून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मग मल्लप्पानं खिशातून खडू काढला. ही त्याची घडी खात्यातली सवय. त्यानं माझं टेबल व्हरांड्यात काढायला लावलं. कपाट जड म्हणून जागेवरच राहिलं. मग तो खोलीभर हिंडला, वर बघून झालं, खाली बघून झालं, आणि जमिनीवर रेघा मारू लागला. मुकुंदनं खुर्ची लांबीच्या भिंतीला टेकून ठेवली होती. तिथं बसवलं तर पाठीमागे लगेच भिंत, आणि तिच्यावर डोक्याची काळी सावली. मल्लप्पानं खोलीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली.

"कॅमेरा दाराच्या कोपऱ्यात," तो म्हणाला. "अक्का ह्या रेघंवर, पलीकडच्या कोपऱ्यापासून पाच फूट अलीकडं. बारा फुटाची खोली अशी धरली की पंधरा फुटाची व्हतीय. मागं जागा मिळंल, सावली जमिनीवर जाईल."

मुकुंदनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान डोलावली. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून त्यानं त्याच्यावर माझ्या घरची वाकळ टाकली, भिंग तेवढं उघडं ठेवून. ती वाकळ माझ्या बायकोनं कशी परत घेतली, हे सांगत बसत नाही.

आता मुख्य दिवा. मल्लप्पानं तो उचलला आणि खुर्चीच्या अगदी बाजूला, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला लावला. त्याचा हात विचार न करता तिथं गेला होता. कापड तपासायच्या टेबलाला दिवा असाच असतो, बाजूनं आणि खाली. आडव्या उजेडात धाग्याची एवढीशी गाठही आपली सावली टाकते आणि दिसते. अकरा वर्षं त्यानं दिवा असाच लावला होता. मला खुर्चीत बसवून त्यांनी बघितलं. मुकुंद खूष झाला. "वा! चेहरा कसा दगडातून कोरल्यासारखा दिसतो," तो म्हणाला. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं, त्यामुळे मीही मान ताठ करून बसलो. चूक आमच्या तिघांचीही होती, पण हात मल्लप्पाचा होता.

साडेआठला सोनाबाई आली. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर नुकतं गोंदल्यासारखं ठळक कुंकू. विधवेनं कुंकू कसं लावलं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. ती खुर्चीत बसली. मल्लप्पानं दिवा लावला.

समोर कपाट होतं. काचेच्या दारांचं. त्यामागे काळ्या पुठ्ठ्याच्या फायली, त्यामुळे काच आरशासारखी झालेली. सोनाबाईनं त्यात बघितलं.

तिच्या तोंडावरचा एकेक व्रण बाजूच्या उजेडात खड्ड्यासारखा दिसत होता. प्रत्येकाची एक कड चकाकत होती आणि आत काळी सावली. मी तिला सहा वर्षं रोज बघत होतो आणि मला एवढे व्रण कधीच दिसले नव्हते. ती काही वेळ बघत राहिली. मग तिनं पदर ओढला, पार डोळ्यांपर्यंत, आणि उठली.

"मल्लू, दिवा इजव," ती म्हणाली.

"अक्का, बसा की..."

"न्हाय रं बाबा. कापडावानी तपासतूस व्हय मला? समद्या मुंबईनं ह्ये बघायचं?" ती दाराकडे वळली. "मला न्हाय बोलायचं. त्या हिंदुराव जॉबरला बसवा, त्यो बोलंल."

हिंदुराव जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, काय बोलला असता ते मला पाठ होतं. मालक मायबाप आहेत, सगळं ठीक आहे. सोनाबाई व्हरांड्यात जाऊन माझ्याच टेबलाला टेकून उभी राहिली, पाठ करून. मला तिचीही कीव आली आणि माझीही. सहा वर्षांचे चार अर्ज, आणि एका कपाटाच्या काचेत सगळं बुडालं.

मल्लप्पा दिवा विझवून तिथंच खाली बसला होता. एवढा मोठा माणूस, पण तोंड पार उतरलेलं. "माजीच चूक," तो मला म्हणाला. "गंगाधरराव, मी दिवा कुटं लावला? खोट हुडकायच्या जागी लावला. अक्काच्या तोंडावर."

मग विझलेल्या दिव्याकडे बघत म्हणाला, "आमच्या खात्यात एक तपासनीस हुता. खराब माल पास करायचा असला की दिव्याकडं पाठ करून हुबा ऱ्हायचा. उजेड सरळ समोरनं कापडावर पडायचा. मग कुटलीच खोट दिसायची न्हाय. लई शिव्या घातल्या आमी त्याला." तो उठला. "आज त्येचंच करायचं."

त्यानं मला धोतर मागितलं. अंगावरचं नव्हे, देवाचे आभार. मी सुट्टीला धुवायला टाकायचं म्हणून कचेरीत आणलेलं एक होतं. ते पांढरं स्वच्छ नव्हतं म्हणून त्यानं नाकारलं, आणि शेवटी गिरणीच्याच गोदामातून खळ दिलेल्या लांबरुंद कापडाचा तुकडा आणला. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, भिंगाहून थोडा वर, त्यानं ते दोरीवर ताणून बांधलं. दोन्ही दिवे सोनाबाईच्या खुर्चीकडे पाठ करून कापडाकडे वळवले. आता उजेड थेट कुणावरच नव्हता. कापड उजळायचं आणि त्याच्यावरून परत आलेला उजेड समोरून, मऊ होऊन खुर्चीवर पडायचा. एका बिंदूतून न येता अख्ख्या कापडातून येणाऱ्या उजेडात खड्ड्यांना सावलीच धरता येत नाही.

मुकुंदनं बघितलं आणि डोकं खाजवलं. "उजेड बराच गेला. भिंग पूर्ण उघडावं लागेल. मग बाई वीतभर जरी पुढे-मागे झाल्या तरी चेहरा धूसर येईल."

"कापड अजून जवळ आनतो," मल्लप्पा म्हणाला, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही इथपर्यंत ते पुढे सरकवलं. खुर्चीच्या पाठीला त्यानं उशी बांधली, म्हणजे टेकून बसलं की हलायला नको.

"आणि मागचा दिवा? हिरवं लुगडं त्या भिंतीत बुडून जाईल. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखीच काळी."

मल्लप्पानं वर बघितलं नाही या खेपेला. तो खिडकीपाशी गेला. ती खुर्चीच्या मागे, बाजूला होती आणि आवाज नको म्हणून बंद केलेली. त्यानं एक झडप चार बोटं उघडली. उन्हाची नव्हे, नुसत्या आभाळाच्या उजेडाची एक कड रिकाम्या खुर्चीच्या खांद्यावर आली.

"झाला तिसरा दिवा," तो म्हणाला. "फ्यूज उडत न्हाय."

रस्त्यावरच्या टांग्यांचं काय, असं मुकुंदचा जोडीदार म्हणाला. मल्लप्पा म्हणाला, ते मी बघतो. मग त्यानं कपाटाच्या काचेवर माझी उरलेली वर्तमानपत्रं चिकटवली आणि व्हरांड्यात गेला.

त्यांचं बोलणं मी ऐकलं, ऐकायला नको होतं तरी. तो समजूत घालत नव्हता. "अक्का, माजं चुकलं," एवढंच म्हणाला. "आता बगा. न्हाय पटलं तर मीच तुमाला घरी सोडतो."

ती आली. पदर धरूनच बसली. दिवे लागले तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आणि मग हळूच उघडले. डोळ्यांत काही खुपत नव्हतं. तिनं मल्लप्पाकडे बघितलं. त्यानं आपल्या हत्यारांच्या पेटीतला छोटा आरसा तिच्यापुढे धरला. तिनं बराच वेळ बघितलं. मी मुकुंदच्या घड्याळाकडे बघत होतो, पण घाई करायचं धाडस झालं नाही.

व्रण होते. ते कुठं जाणार? पण आता ते चेहऱ्यावर होते, चेहऱ्याच्या जागी नव्हते. सोनाबाईनं पदर खांद्यावर सोडला.

मल्लप्पा बाहेर गेला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरून टांगे थांबवू लागला. त्यामुळे ती जे बोलली ते त्यानं त्या दिवशी ऐकलंच नाही.

मी विचारलं, बाई, सव्वीस वर्षांत काय बघितलंत? ती सरळ भिंगाकडे बघून बोलली. रडली नाही. मुलाचं नाव सांगितलं. टोपलीवर पदर टाकला होता तो कसल्या रंगाचा होता ते सांगितलं. "त्यो कवा गेला ते मला कळलं न्हाय, शेट," ती म्हणाली. "मी तितंच हुते, दोन हातावर. माजं हात चालू हुते, त्याचा श्वास बंद झाला. एक खोली द्या. एक म्हातारी द्या बघायला. आमी सूत कमी देनार न्हाय." साडेचार मिनिटांची फीत होती. ती संपली तेव्हा मुकुंदनं स्वतःच दिवे विझवले. माझे डोळे भरून आले होते आणि ते उन्हाळ्यामुळे नव्हते.

श्रावणात मुंबईहून उत्तर आलं. सहा वर्षांतलं पहिलं. पाळणाघर मंजूर. वेगळी इमारत बांधणं तूर्त शक्य नसल्यानं कामगार-कल्याण कचेरीची खोली त्यासाठी रिकामी करावी, संबंधित कारकुनानं व्हरांड्यात बसावं. संबंधित कारकून म्हणजे मी. माझ्याच हातानं मी तो कागद फायलीला लावला आणि मग व्हरांड्यात माझं टेबल लावलं. पावसाचे शिंतोडे वहीवर पडायचे. मी दिवसभर कुरकुरायचो आणि आतली पोरं रडली की अजून कुरकुरायचो. आत जाऊन एखादं उचलून घ्यायचो, ती गोष्ट वेगळी.

बघायला ठेवलेली म्हातारी म्हणजे सोनाबाईच. वाइंडिंग सोडून ती तिथं आली. बोलपट पुढे एका रविवारी सकाळी गावातल्या थेटरात कामगारांना दाखवला. पडद्यावर ती आली तेव्हा तिनं शेजारच्या मल्लप्पाचा हात धरला.

"मी अशी दिसती व्हय रं?"

"आमाला अशाच दिसता, अक्का," तो म्हणाला. कापड तपासताना ज्यानं कधी एक गाठ नजरेआड केली नाही, तो माणूस.

पाळणाघराची वायरिंग करायला तो आला तेव्हा मी व्हरांड्यातून बघत होतो. जमिनीवर खडूची तिरपी रेघ अजून पुसट दिसत होती. मल्लप्पानं आधी वर बघितलं, आणि मग दिवा भिंतीकडे तोंड करून लावायला घेतला, म्हणजे पोरांच्या डोळ्यांत उजेड जाणार नाही. त्याला वाटलं अक्का खूष होईल.

सोनाबाईनं त्याला थांबवलं.

"तसा नगं," ती म्हणाली. "हितं तुजा पहिला दिवा लाव. बाजूनं, खाली. ज्याच्यापायी मी तोंड फिरवून भाईर गेले, त्यो."

"अक्का, त्यात सगळंच दिसतं."

"म्हनून तर." तिनं पाळण्यातल्या एका झोपलेल्या पोराच्या छातीवरचं दुपटं सरळ केलं. "आडव्या उजेडात दुपटं वर-खाली व्हतंय ते लांबनं बी दिसतंय. श्वास चाललाय का न्हाय ते कळतंय."

मल्लप्पानं तिच्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे. खाली वाकून त्यानं पाळण्याच्या उंचीला, मुलांच्या पायाच्या बाजूला, आडोसा लावून मंद बल्ब बसवला. मग बटण दाबलं. पाच पाळण्यांतली पाच दुपटी वर-खाली होत होती. सोनाबाई मधोमध बसली आणि मोजायला लागली.